पै-पैचा हिशेब म्हणजे नेमका कोणता?



गेल्या रविवारी शिरूरहून दौंडला धाकट्या बहिणीकडे गेले होते. तिच्या सोसायटीत कमिटीची निवडणूक आहे. संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून एका उमेदवाराने भाषण केलं. तरुण, नोकरी करणारा, बोलायला सरळ. म्हणाला, "मी निवडून आलो तर दर महिन्याच्या पाच तारखेला मेंटेनन्सचा जमाखर्च ग्रुपवर टाकीन. पै-पैचा हिशेब!" टाळ्या पडल्या. बहीणही खूश.

मी बी.कॉम. केलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण "जमाखर्च" शब्द कानावर आला की मी आजही थांबते. वॉचमनचा पगार, लिफ्ट, वीजबिल, टँकर हा खर्च कोणीही दाखवतं. सोसायटीचा पैसा तिथे क्वचितच हरवतो.

घरी आल्यावर बहिणीकडून मागच्या वर्षीचा ताळेबंद मागितला. चोवीस फ्लॅट. वर्षाला अकरा हजारांचा वाढावा, म्हणजे सगळं छान. पण उत्पन्नाच्या बाजूला जी रक्कम होती ती बिलांची, हातात आलेल्या पैशांची नव्हे. बिल काढलं की ते उत्पन्न धरलं जातं. सभासदाने भरलं नाही तर ती रक्कम दुसऱ्या पानावर "सभासदांकडून येणे" म्हणून बसते. तिथे तीन लाख दहा हजार बसले होते.

मग सिंकिंग फंड पाहिला. आदर्श उपविधीप्रमाणे जमिनीची किंमत सोडून फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी या फंडासाठी घेतात. इमारतीची पुनर्बांधणी किंवा मोठी दुरुस्ती यासाठीच तो असतो. बहिणीकडे बांधकाम खर्च फ्लॅटमागे दहा लाख धरला आहे, म्हणजे वर्षाला अडीच हजार. चोवीस फ्लॅटचे साठ हजार, नऊ वर्षांचे पाच लाख चाळीस हजार. कागदावर फंड तेवढाच होता. मुदत ठेव मात्र दीड लाखाची, आणि बँकेच्या खात्यात ऐंशी हजार. बारीक रकमा सोडल्या तर उरलेले तीन लाख दहा हजार म्हणजे तीच थकबाकी! कोणी पैसे खाल्ले नव्हते. काहींनी मेंटेनन्स भरला नाही, म्हणून बाकीच्यांनी भविष्यासाठी दिलेल्या पैशातून वॉचमनचा पगार झाला.

आपल्याला हे वेगळं समजवायला नको. देवद्रव्य साधारण खात्यात वळवायचं नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मंदिराच्या ट्रस्टींना त्यावर आपण सभेत जाब विचारतो, आणि स्वतःच्या इमारतीच्या बाबतीत मात्र गप्प बसतो.

आमच्या शिरूरच्या इमारतीत हेच झालं होतं. गच्ची गळायला लागली, कॉन्ट्रॅक्टर आला आणि फंड रिकामा निघाला. प्रत्येकी अठरा हजार जादा भरावे लागले. आमच्या मजल्यावरच्या एका विधवा काकूंनी ते सहा हप्त्यांत दिले. इतकी वर्षं त्यांनी एकही मेंटेनन्स चुकवला नव्हता. ते मला अजून सलतं.

म्हणून बहिणीला म्हटलं, उमेदवाराला तीनच गोष्टी विचार. दर महिन्याला एकूण थकबाकी आणि ती किती जुनी आहे ते सांगशील का? सिंकिंग फंडाच्या ठेवीची पावती वार्षिक सभेत सगळ्यांसमोर ठेवशील का? महिनाअखेरीचं पासबुक हिशेबाशी जुळवून दाखवशील का? फक्त खर्चाची यादी टाकायची असेल, तर माझ्या मते ते वचन अर्धंच आहे. आणि तपासलेला ताळेबंद, सभेची इतिवृत्तं, आपल्या स्वतःच्या खात्याच्या नोंदी पाहणं हा १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सभासदाचा हक्कच आहे. त्यासाठी कोणी निवडून यायची वाट पाहायची नसते. (फ्लॅट यजमानांच्या एकट्याच्या नावावर असेल तर त्यांना पाठवा, पण काय पाहायचं ते लिहून द्या.)

बहीण जरा घुटमळली. "ताई, थकबाकीवाल्यांत आपलीच दोन घरं आहेत. आणि तो मुलगाही आपल्याच समाजातला. भर सभेत विचारलं तर कसं दिसेल?"

अडचण खरी आहे. थकबाकीदारही मतदारच, म्हणून कोणताच उमेदवार भाषणात थकबाकीचं नाव काढत नाही. पण नावं वाचून कोणाला लाजवायचं नाहीये. एकूण आकडा पुरे.

शेवटी तिने त्याला जिन्यात गाठून विचारलं. तो म्हणाला, "मावशी, पासबुक आणि आकडा देईन. पावतीचं मला माहीतच नव्हतं, आधी बघतो." मला हे उत्तर भाषणापेक्षा आवडलं. मतदान पुढच्या रविवारी आहे, आणि पावती पाहिल्याशिवाय मत ठरवू नकोस असं मी तिला बजावून आले आहे.