मॅन्टू पॉझिटिव्ह आली, मग पुढे काय?

गिरीजकरांनो, आणि वसईतल्या सगळ्या आईबापांनो, आज जरा लांब लिहितो. पेपरात एवढी जागा मिळत नाही.

आमच्या वाडीतल्या एका चार वर्षांच्या मुलीचा हा रिपोर्ट. अंगाला येत नाही म्हणून खासगीत मॅन्टू टेस्ट केली. लॅबच्या कागदावर एकच शब्द, "पॉझिटिव्ह". पहिले डॉक्टर म्हणाले, "बीसीजी दिलीय ना जन्मल्यावर? मग येणारच. सोडून द्या." दुसरे म्हणाले, "टीबी आहे, उद्यापासून गोळ्या चालू, सहा महिने." एकच कागद, दोन टोकाची उत्तरं, आणि मधे रडकुंडीला आलेली आई. कोणाचंही नाव घेत नाही, कारण ही एका दवाखान्याची गोष्ट नाही. हे सगळीकडे चाललंय.

माझं म्हणणं असं की दोघेही चूक. कारण दोघांनीही एक साधा प्रश्न विचारला नाही: घरात कोण खोकतंय?

आधी तो कागद बघा. मॅन्टूत हाताच्या आतल्या बाजूला कातडीतच ०.१ मिली औषध टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी वाचतात. वाचायची लाली नसते, मोजायची असते ती बोटाला लागणारी टणक गाठ, हाताच्या आडव्या दिशेने, पट्टी लावून, मिलिमीटरमध्ये. इथे काय होतं? लोक हाताचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतात. फोटोत लाली दिसते, टणकपणा कसा दिसणार? औषधाची ताकदही वेगवेगळी असते, २ युनिटचं, ५ चं, १० चं. जास्त ताकदीचं टोचलं की गाठ मोठीच येते. आमच्या या रिपोर्टवर ना मिलिमीटर होते, ना युनिट. परत बसून विचारलं तेव्हा कळलं, २ युनिट, गाठ १४ मिमी.

आता बीसीजीचं. बीसीजीमुळे मॅन्टू थोडी वर येऊ शकते, हे खरं. पण आपल्याकडे ती जन्मल्यावर एकदाच देतात, आणि तिचा हा परिणाम वर्षागणिक ओसरतो. म्हणूनच आपल्याकडे बीसीजी झालेली असो नसो, १० मिमी किंवा जास्त गाठ पॉझिटिव्ह धरतात. दंडावर व्रण आहे की नाही, याने काही ठरत नाही. आणि बीसीजी घेतली म्हणजे टीबी होत नाही, हाही गैरसमज. ती लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून बऱ्यापैकी वाचवते, जंतू शिरण्यापासून पूर्ण वाचवत नाही. तेव्हा १४ मिमीला "बीसीजीची आहे" म्हणून केराची टोपली दाखवायची, हे कशाच्या जोरावर?

दुसरी बाजूही तितकीच. मॅन्टू फक्त एवढं सांगते की शरीराची जंतूशी ओळख झालीय. आजार आहे की नाही, हे ती सांगूच शकत नाही. त्यासाठी ताप, खोकला, वजन, मानेच्या गाठी, छातीचा एक्स-रे बघावा लागतो. गरज पडली तर बेडका किंवा पोटातलं पाणी काढून तपासतात. यातलं काहीच न बघता पोराला चार-चार औषधं सुरू करणं ही तपासणी नव्हे, अंदाजपंचे आहे.

या घरात आम्ही विचारलं. आजोबा अडीच महिने खोकत होते. "बिडीचा खोकला" म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं. बेडका तपासला, टीबी निघाला. लहान मुलाला टीबी बहुतेक वेळा घरातल्या किंवा जवळच्या मोठ्या माणसाकडूनच लागतो, हे शिकलेल्या माणसांनाही आठवू नये?

मुलीचा एक्स-रे स्वच्छ, ताप नाही, गाठी नाहीत, वजन हळूहळू का होईना वाढतंय. म्हणजे आजार नाही, पण जंतू आत असण्याची दाट शक्यता. पाच वर्षांखालच्या मुलांत तो लवकर उसळतो. म्हणून आजार नाही याची खात्री करून तिला प्रतिबंधक औषध सुरू झालं, एकच, आयसोनियाझिड, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, रोज, सहा महिने. सरकारी कार्यक्रमात फुकट. आणि गंमत बघा, घरात फुफ्फुसाच्या टीबीचा पेशंट असला की या वयाच्या मुलाला मॅन्टूशिवायही हे औषध देता येतं. आधी आजोबांना तपासलं असतं तर त्या कागदाचे पैसे वाचले असते.

बीसीजीने न फसणारी नवी कातडीची टेस्टही भारतात २०२२ साली मंजूर झालीय. तिच्यात अशी प्रथिनं असतात जी बीसीजीच्या जंतूत नाहीतच. पण आजार आहे की नुसतं संक्रमण, हे तीही सांगत नाही.

म्हणून लॅबवाल्यांनो, रिपोर्टवर मिलिमीटर, युनिट आणि वाचल्याची तारीख-वेळ लिहा. नुसतं "पॉझिटिव्ह" लिहिलं असेल तर पालकांनो, तो कागद तिथेच परत करा. आणि डॉक्टरसाहेब, पेन उचलायच्या आधी घरातल्या खोकणाऱ्या माणसाचं नाव विचारा.