गोश्त तुमचं, हड्डी आमची; मग कानाचा पडदा कोणाचा?

मुलाला पहिल्यांदा शाळेत किंवा मकतबमध्ये सोडताना आपल्याकडचे बाप अजूनही उस्तादांना म्हणतात, "गोश्त आपका, हड्डी हमारी." म्हणजे हवं तेवढं मारा, फक्त हाड मोडू नका. उर्दू आणि मराठी शिकवताना मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. कानाचा पडदा ना गोश्त आहे, ना हड्डी. जेमतेम एक सेंटीमीटर व्यासाचा आणि कागदासारखा पातळ असा तो पापुद्रा या सौद्यात कोणाच्याच वाट्याला येत नाही. आणि थप्पड बसते नेमकी त्याच्यावर.

आपण म्हणतो "कानाखाली वाजवली". प्रत्यक्षात हात कानाखाली नाही, कानावर पडतो. पसरलेला तळवा कानाच्या भोकावर झाकणासारखा बसला की नळीतल्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आत दाबली जाते आणि पडदा फाटतो. म्हणून "मी हळूच मारली होती" हा बचाव इथे टिकत नाही. तळवा किती नेमका बसला, हेही जोराइतकंच महत्त्वाचं असतं. बहुतेक माणसं उजव्या हाताची आणि मारणारा समोर उभा, म्हणून फाटतो तो बहुधा डावा पडदा.

समजा, देवरी तालुक्यातल्या एका गावात सातवीतल्या मुलाला सकाळी अकरा वाजता अशी थप्पड बसली. कानात एकदम कळ गेली, मग शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि त्या बाजूचं सगळं दुरून आल्यासारखं वाटू लागलं. कदाचित रक्ताचा एखादा थेंब दिसला. थोड्या वेळाने कळ कमी झाली. मुलगा गप्प बसला, कारण घरी सांगितलं तर दुसरी थप्पड मिळेल अशी भीती. संध्याकाळी अम्मीला कळलं. तिने लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून थेंबांची बाटली आली. तिसऱ्या दिवशी पोरगा गावच्या मामा तलावात डुंबून आला. आठवड्याने कानातून पू आला तेव्हा दवाखान्यात सांगण्यात आलं, "खेळताना पडला."

या गोष्टीत थप्पड एक आहे, पण नुकसान चार वेळा झालं आहे. पडदा फाटला की बाहेरचा कान आणि मधला कान यांच्यातला दरवाजा उघडा पडतो. तेल, पाणी आणि त्यातले जंतू सरळ आत जातात. दुकानातून न विचारता आणलेले काही थेंब तर त्याहून घातक. जेंटामायसिनसारखं औषध फाटक्या पडद्यातून आतल्या कानापर्यंत पोचलं तर ऐकण्याची नसच दुखावू शकते. मायेने केलेला उपचार थप्पडेपेक्षा महाग पडतो तो असा.

मग पहिल्या काही तासांत काय करायचं? मुख्य म्हणजे कानात काहीही घालायचं नाही. तेल नाही, थेंब नाहीत, काडी नाही, बोट नाही. रक्त आलं असेल तर बाहेरचं पुसा, आत धुऊ नका. दुखत असेल तर मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. नाक जोराने शिंकरू देऊ नका आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवायला सांगा. नाक दाबून कानातून हवा निघते का, हे कोणी बघू नये. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवा आणि नंतर काढून टाका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तलाव बंद. वुजू करताना ओलं बोट कानाच्या भोकात जाऊ नये, बाहेरून मसह करावा. इजा झालेल्याला दीनमध्ये सवलत आहे, तिच्यासाठी कोणाशी भांडावं लागत नाही.

एक साधी खूण घरीच पाहता येते. मुलाला तोंड मिटून "हूं" असा आवाज काढायला सांगा. आवाज दुखऱ्या कानात मोठा वाटला तर बिघाड बहुधा पडद्यापुरता आहे. चांगल्या कानात मोठा वाटला तर नसेला धक्का बसल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण नसेवरच्या उपचाराला उशीर चालत नाही. ही खूण तपासणीची जागा घेत नाही, फक्त घाई किती करायची ते सांगते. आणि भोवळ, उलट्या, अजिबात ऐकू न येणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, कानातून पाण्यासारखा स्राव किंवा थांबत नसलेलं रक्त, गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर थेट मोठं रुग्णालय. आपल्या जिल्ह्यात ते म्हणजे गोंदियाचं केटीएस, जे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे.

बाकीच्यांनीही चोवीस तासांच्या आत दुर्बिणीने कान पाहणारा डॉक्टर गाठावा आणि त्याला खरं सांगावं की थप्पड बसली. ताज्या फाटीच्या कडा वेड्यावाकड्या असतात, त्यावर रक्ताची खपली दिसते. दिवस गेले, तेल पडलं, पू झाला की ती फाट जुन्या कानफुटीसारखी दिसू लागते. मग कोणी म्हणेल, "याचा कान आधीपासूनच वाहत होता," आणि ते खोडायला तुमच्याकडे काही उरणार नाही. म्हणून त्याच दिवशी नोंद करून घ्या, श्रवणचाचणी सांगा आणि कागद जपून ठेवा. कान कोरडा ठेवला तर असे बहुतेक पडदे सहा ते आठ आठवड्यांत आपोआप भरून येतात. तीन महिन्यांनीही भोक राहिलं तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. भरला की नाही, हे पुन्हा तपासूनच ठरतं. दुखणं थांबलं म्हणजे भरला, असं नाही.

"मारल्याशिवाय पोरं ऐकत नाहीत," असं माझे काही सहकारी म्हणतात. पडदा फाटल्यावर तर पोरगा खरोखरच ऐकत नाही! मग तो मान वळवून "काय सर?" विचारतो आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 17 ने शाळेतली मारहाण बंद केली. तो कायदा मदरशांना लागू नाही हे खरं, पण त्यात पळवाट शोधणाऱ्यांनी भारतीय न्याय संहितेचं कलम 116 वाचावं. कोणत्याही एका कानाची ऐकण्याची शक्ती कायमची जाणं ही गंभीर दुखापत आहे, मारणारा सरकारी शिक्षक असो, मौलाना असो की सख्खा बाप. आणि ज्यांना कायदा परका वाटतो, त्यांनी चेहऱ्यावर मारू नका हा हदीसमधला हुकूम आठवावा. तो मकतबमध्ये आपणच शिकवतो.

बापांनो, पुढच्या वेळी उस्तादांसमोर उभे राहाल तेव्हा तो जुना सौदा मोडा. सरळ सांगा, गोश्तही आमचं, हड्डीही आमची आणि कानही आमचाच. तुम्ही फक्त शिकवा. आणि तरीही हात उठलाच तर तेलाची वाटी बाजूला ठेवा, पोराला दवाखान्यात न्या आणि तिथे खोटं बोलू नका.