बाळाची साधी सर्दी चौथ्या दिवशी का बिघडते? आरएसव्हीमध्ये हे पाच दिवस नीट बघा

समजा, खडकवासल्यातल्या एका घरात तीन महिन्यांच्या बाळाला शुक्रवारी सर्दी झाली. शनिवारी थोडा ताप आणि खोकला. सोमवारी मात्र छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि बाळ दूध अर्धवट सोडू लागलं. अशा वेळी डॉक्टरांना आरएसव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या ब्रॉन्किओलायटिसचा संशय येतो.

छातीत नेमकं काय होतं?

विषाणू नाकातून फुफ्फुसातल्या सर्वांत बारीक नळ्यांपर्यंत उतरतो. तिथे सूज येते आणि चिकट स्राव साचतो. बाळाच्या नळ्या मुळातच अरुंद असल्याने थोड्या सुजेनेही हवा अडते. म्हणून त्रास सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतो. नंतर तो ओसरतो, पण खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो.

घरी काय बघायचं?

बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे 60 किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलाय. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दूध नेहमीच्या निम्म्यावर आलं किंवा लघवी खूप कमी झाली, तरीही तसंच.

छाती आत ओढली जाणं, कण्हणं, ओठ निळसर होणं, श्वास मध्येच थांबणं, बाळ सुस्त पडणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच 108 ला फोन करा. रविवारी संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर गाड्यांची रांग असते, त्यामुळे 'अजून तासभर बघू' हा हिशेब महागात पडतो. थकलेल्या बाळाचा श्वास मंदावला तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका, ते दमलेलं असू शकतं. मोठ्यांच्या बोटाचा ऑक्सिमीटर बाळाला लावून मिळालेल्या आकड्यावरही विसंबू नका.

मेळघाटात डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने गावोगावी केलेल्या कामातून दिसलं की, आरएसव्हीमुळे बाळं रुग्णालयाबाहेरही दगावतात. वेळेत ओळखणं म्हणूनच मोलाचं.

मग उपचार काय?

या विषाणूला मारणारं नेहमीच्या वापरातलं औषध नाही, आणि अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. स्टेरॉइड आणि नेब्युलायझरची औषधंही सहसा उपयोगी पडत नाहीत. उपचार म्हणजे बाळ स्वतः बरं होईपर्यंत त्याला आधार देणं. दूध पाजण्याआधी सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळं करायचं, मग थोडं-थोडं पण वारंवार पाजायचं. रुग्णालयात ऑक्सिजन कमी पडला तर तो नाकावाटे देतात. पिताच येत नसेल तर नळीने दूध किंवा शिरेतून सलाइन देतात. काही बाळांना जास्त दाबाने हवा देणारं यंत्र लागतं.

घरी वाफ, ओव्या-वेखंडाची धुरी आणि नाकात तेल टाळा. वाफेने भाजण्याचा, धुराने नळ्या आणखी आवळण्याचा आणि तेल फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. खोकल्याचं सिरपही देऊ नका.