टॉवेल व चादरींच्या लेबलांवर खरे वजन, धागासंख्या, आट व रंगाचा पक्केपणा नमूद करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
सहकारी वस्त्र विक्री भांडार.

महोदय,

वसतिगृहे, धर्मशाळा व रुग्णसेवा केंद्रे यांच्या भांडारपालांच्या समितीतर्फे हे निवेदन आपणांस सविनय सादर करीत आहोत. याच विषयावरील आमचे पूर्वीचे अर्ज आपल्या दफ्तरी दाखल आहेत आणि त्यांच्या पोचपावत्या आमच्यापाशी आहेत. नियम आपणांस अवगत असल्याने त्यांची उजळणी येथे करीत नाही. भांडारातून घेतलेल्या मालाच्या लेबलावर जे छापलेले असते आणि धोबीघाटातून परतलेल्या गाठोड्यात जे हाती येते, त्या दोहोंतील अंतर मात्र पुन्हा एकवार तपशिलाने मांडणे भाग पडले आहे.

आमची मुख्य तक्रार टॉवेलच्या वजनाची आहे. गेल्या खरेदीतील टॉवेलांच्या लेबलावर ‘७५ × १५० सेंटिमीटर, ५०० जीएसएम’ असा मजकूर होता. एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, हे जीएसएमच्या आकड्याने कळते. आणि या मापाच्या टॉवेलचे क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरहून थोडे कमी, म्हणजे १.१२५ चौरस मीटर भरत असल्यामुळे लेबल खरे असेल तर अख्ख्या टॉवेलचे वजन सुमारे ५६२ ग्रॅम भरावयास हवे. नव्या, न धुतलेल्या टॉवेलांपैकी एक भांडारातील काट्यावर आपल्याच कर्मचाऱ्यांसमक्ष ठेवला, तेव्हा तो ५०८ ग्रॅम भरला, म्हणजे जीएसएम सुमारे ४५२ इतकेच. सदरहू फरक हवेतील ओलीमुळे पडला असावा, असा खुलासा त्या वेळी करण्यात आला; परंतु कापूस दमट हवेत ओल शोषून जड होतो, हलका होत नाही, आणि ते वजन ऐन श्रावणात केलेले होते. तेव्हा ओलीचा हिशेब धरावयाचाच झाला, तर तूट कमी न होता वाढते.

तोच टॉवेल पुढे तीनदा धुऊन, पूर्ण वाळवून आम्ही पुन्हा तोलला. खळ, मऊपणासाठी चढविलेला लेप आणि सुटे तंतू पाण्याबरोबर निघून गेल्यावर वजन ४७० ग्रॅम उरले. मापही बदलले होते: लांबी १५० वरून १३८ वर आणि रुंदी ७५ वरून ७२ सेंटिमीटरवर आली. मागावर ताण्याचे सूत सतत ओढलेले असते आणि पाणी लागताच ते मूळ स्थितीकडे परतते, म्हणून आट रुंदीपेक्षा लांबीत अधिक येते.

हा धुतलेला टॉवेल आपल्या तपासनिसांकडे पाठविला असता, त्यांनी त्यातून वर्तुळाकार तुकडा कापून, तो तोलून जीएसएम ४७३ असल्याचा दाखला दिला आणि एवढा फरक चालण्यासारखा असल्याचा शेरा मारून तक्रार निकालात काढली. मोजणी चुकीची नव्हती, हे आम्ही मान्य करतो. चूक तिच्यातून काढलेल्या अर्थात आहे. टॉवेल आटला म्हणजे त्याचे क्षेत्रफळ १.१२५ वरून ०.९९४ चौरस मीटरवर उतरते आणि तेच सूत कमी जागेत दाटते. त्यामुळे अडतीस ग्रॅम वजन गमावूनही त्याचे जीएसएम ४५२ वरून ४७३ वर चढते. कापडाचे वैगुण्यच अशा रीतीने त्याच्या गुणात जमा होते. ग्राहकाच्या हाती मात्र लेबलावरील ५६२ ग्रॅमऐवजी ४७० ग्रॅम आणि दीड मीटरऐवजी १३८ सेंटिमीटरचा टॉवेल पडतो. शिवाय नमुन्याचा तुकडा टॉवेलच्या फासेदार मध्यभागातून घेतला जातो, काठाच्या बिनफाशांच्या पट्टीतून नव्हे. त्यामुळे अख्ख्या टॉवेलचे सरासरी वजन त्या दाखल्याहूनही कमी निघू शकते. म्हणूनच नुसत्या जीएसएमच्या आकड्यावर आमचा विश्वास उरलेला नाही. लेबलावर नगाचे वजन ग्रॅममध्ये आणि धुण्यापूर्वीचे व तीन धुण्यांनंतरचे माप शेजारी शेजारी छापले पाहिजे, कारण हे तिन्ही आकडे कोणताही भांडारपाल साध्या काट्याने व फुटपट्टीने पडताळू शकतो. दिवाळीच्या खरेदीपूर्वी अशी लेबले तयार होतील, असे आपण आपल्या दालनात आम्हांस आश्वासन दिले होते. ती दिवाळी उलटली, पुढील पावसाळाही सरला, आणि नव्या गाठींवर तोच जुना शिक्का आहे.

चादरींच्या बाबतीत धागासंख्येचा आकडा असाच फुगविला जातो. लेबलावर ‘४०० थ्रेड काउंट’ असलेली चादर भिंगाखाली धरून मोजली असता, एका इंचात ताण्याचे ११० आणि बाण्याचे ९० धागे, एकूण २०० निघाले. सुईच्या टोकाने एक धागा उकलल्यावर उलगडा झाला: सूत दुपदरी होते, आणि प्रत्येक पदर स्वतंत्र धागा मानून संख्या दुप्पट केलेली होती. दुपदरी सूत वाईट असते असे नाही, उलट ते टिकाऊपणास उपकारकच ठरते. परंतु पिळून एक झालेला धागा एकच मोजला पाहिजे. लेबलावर उभे व आडवे धागे वेगवेगळे लिहून ‘सूत दुपदरी’ एवढे शब्द जोडले, तर कोणाचीच फसगत होणार नाही. हा बदल पुढच्या छपाईपासून करण्याचे आपल्या कार्यालयाने लेखी कबूल केले होते. ते पत्र सोबत पुन्हा जोडले आहे.

चादरीची आटही नमूद व्हावी. २२५ सेंटिमीटर लांबीची चादर आठ टक्के आटली तर २०७ उरते; १९० सेंटिमीटरच्या गादीवर ती अंथरली की दोन्ही टोकांना साडेआठ सेंटिमीटरच शिल्लक राहतात, आणि गादीची जाडी दहा सेंटिमीटर असेल तर चादर खाली खोचणे दूरच, गादीची कडही झाकली जात नाही.

‘रंग पक्का’ या दोन शब्दांऐवजी धुणे व ओले घर्षण यांसाठी १ ते ५ पैकी आणि उन्हासाठी १ ते ८ पैकी श्रेणी छापावी. साबणास टिकणारा रंग ब्लिचिंगला टिकेलच असे नाही; रुग्णसेवा केंद्रांना हे खरेदीपूर्वी कळावयास हवे.

काउंटरवर एक काटा व एक भिंग ग्राहकांसाठी ठेवावे, ही विनंतीही अद्याप पडूनच आहे.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे आणि आपल्या भांडारात त्या मालाशेजारीच हा हलका माल मांडला जातो. जो विणकर पुरे सूत घालून टॉवेल विणतो, त्याच्या मालाची किंमत अर्थातच अधिक पडते. लेबलावर दोन्ही मालांचा आकडा ५०० असल्यावर ग्राहक स्वस्त टॉवेल उचलतो, आणि खऱ्या वजनाचा माल कपाटात राहतो. या अन्यायाचा उल्लेख आम्ही पहिल्या अर्जापासून करीत आलो आहोत, आणि त्यावर आजवर एका ओळीचेही उत्तर आलेले नाही.

तरी पुढील खरेदीचे दरपत्रक काढण्यापूर्वी उपरोक्त मजकुराची लेबले लावण्याचा लेखी हुकूम पुरवठादारांस द्यावा, ज्यांचा माल लेबलाप्रमाणे भरणार नाही त्यांच्या गाठी परत कराव्यात, आणि या निवेदनावर काय तजवीज झाली ते एक महिन्याच्या मुदतीत लेखी कळवावे. तोंडी आश्वासन या वेळी समितीस स्वीकारता येणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास आमच्या संस्था भांडारातील खरेदी थांबवतील, असा ठराव समितीच्या सभेत मंजूर झाला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. धुतलेला व न धुतलेला असे टॉवेलचे दोन नमुने आणि चादरीचा तुकडा मोहोरबंद करून आपल्या दफ्तरी रुजू करीत आहोत.

कळावे,

आपला विश्वासू,
सचिव,
भांडारपाल समितीकरिता