भाव बदलला, स्क्रीन बदलली का?

अँड्रॉइड स्टुडिओत नवा प्रकल्प उघडला की साच्यांच्या यादीत हे दोन दिसतात. `Empty Activity` निवडले तर जेटपॅक कंपोज मिळते आणि `Empty Views Activity` निवडले तर जुनी एक्सएमएल मांडणी. निवड क्षणात होते, पण ॲप जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे ती भोगावी लागते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात, जिथे दोन-तीन जणांची मंडळी मिळून एखाद्या कारखान्याचे, दवाखान्याचे किंवा आडत दुकानाचे ॲप बनवतात, तिथे नेहमीचा सवाल असतो: एक्सएमएल येतेच आहे, मग कंपोजच्या वाटेला कशाला जायचे? नवे ॲप आज सुरू होत असेल तर जावे, असे माझे मत आहे. मात्र ‘कोड कमी लिहावा लागतो’ हे जे कारण सगळे सांगतात, ते मला दुय्यम वाटते.

समजा, जाधववाडीच्या बाजार समितीतले रोजचे भाव दाखवणारे ॲप करायचे आहे. मका, बाजरी, सोयाबीन, तूर अशी यादी आणि प्रत्येक ओळीत आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. दिसायला सोपे काम. पण ही स्क्रीन चार अवस्थांत असू शकते: भाव येत आहेत, ताजे भाव आले, नेटवर्क नाही म्हणून कालचे भाव दाखवतोय, किंवा काहीच मिळाले नाही. कालचा भाव असेल तर त्या ओळीवर ‘जुना भाव’ अशी खूण हवी, कारण ती पाहूनच शेतकरी गाडी भरायची की थांबायचे ते ठरवणार. आता जुन्या पद्धतीत यादीसाठी `RecyclerView` येतो आणि ॲडॉप्टरमध्ये बहुतेक जण असे लिहितात:

```kotlin
if (rate.isOld) holder.badge.visibility = View.VISIBLE
```

चाचणीत हे नीट चालते, कारण चाचणीत पाच-सहाच ओळी असतात. यादी मोठी झाली आणि बोटाने वर सरकवली की वर गेलेली ओळ खाली नव्या मालासाठी पुन्हा वापरली जाते. मक्याच्या ओळीवर लागलेली खूण कोणी काढलेलीच नसते, म्हणून ती तुरीच्या ताज्या भावावर दिसते. माहिती बरोबर असूनही स्क्रीन चुकीचे सांगते. उपाय एका `else` चा आहे, हे खरे. पण अशी प्रत्येक खूण, प्रत्येक रंग, प्रत्येक बटण ‘लावणे’ आणि ‘काढणे’ या दोन्ही बाजूंनी प्रोग्रामरने आठवणीने लिहायचे, हा या पद्धतीचा स्वभावच आहे. भाव एकदा माहितीत असतो आणि दुसऱ्यांदा व्ह्यूमध्ये. दोन्ही ठिकाणे जुळती ठेवायची जबाबदारी माणसावर पडते.

कंपोजमध्ये तीच ओळ अशी होते:

```kotlin
if (rate.isOld) Text("जुना भाव")
```

इथे काढण्याची सूचना नाही, कारण तिची गरजच नाही. सध्याच्या माहितीनुसार स्क्रीन कशी असावी एवढेच आपण सांगतो. माहिती बदलली की त्या माहितीवर अवलंबून असलेला भाग पुन्हा चालवला जातो. चार अवस्थांसाठी एक `when` लिहिला की ‘फिरणारे चक्र आणि भाव दोन्ही एकदम दिसताहेत’ असली अर्धवट स्थिती उरत नाही. माझा मुद्दा हाच आहे. ओळी किती वाचल्या याला महत्त्व नाही. चुकांचा एक अख्खा वर्ग लिहिताच येत नाही, याला आहे.

चुका संपतात असे मात्र नाही, त्या जागा बदलतात. साधी बदलती यादी घेऊन तिच्यात परस्पर भाव भरला तर कंपोजला कळतच नाही आणि स्क्रीन गप्प बसते. यादीतल्या ओळींना `key` दिली नाही, तर उघडलेली ओळ क्रम बदलल्यावर जागेवरच राहते आणि आतला माल बदलतो; म्हणजे मघाचाच आजार नव्या वेशात. सगळ्यात महाग चूक म्हणजे कंपोज फंक्शनच्या अंगातच सर्व्हरकडे मागणी करणे. ते फंक्शन किती वेळा चालेल हे आपल्या हातात नसते, त्यामुळे मागण्यांची रांग लागते. फोन विनाकारण तापू लागला, तर लेआउट इन्स्पेक्टरमध्ये कोणता भाग किती वेळा पुन्हा चालला याचे आकडे दिसतात, ते आधी पाहावेत.

कंपोजवरचा नेहमीचा आक्षेप असतो तो स्वस्त फोनवरच्या संथपणाचा. त्यात तथ्य आहे. बटण, मजकूर असे मूळ व्ह्यू अँड्रॉइडच्या आतच आधीपासून तयार असतात. कंपोज मात्र ॲपसोबत येते आणि पहिल्या काही वेळा त्याचा कोड धावता धावता भाषांतरित होतो. त्यावर बेसलाइन प्रोफाइल हा उपाय आहे: सुरुवातीला कोणता कोड लागणार याची यादी ॲपसोबत पाठवली की तो भाग आधीच तयार करून ठेवता येतो. पण आपल्याकडे निकाल लागतो कसा? डीबग बिल्डची एपीके व्हॉट्सॲपवरून व्यापाऱ्याला पाठवली जाते, ती अडखळते आणि कंपोज बदनाम होते. डीबग बिल्डमध्ये कंपोज हमखास संथ असते. आर-एट लावलेली रिलीज बिल्ड ग्राहकाकडे असतो तसल्याच कमी रॅमच्या फोनवर मोजावी आणि मगच बोलावे. तरीही संथ वाटली तर तक्रार मला मान्य आहे.

दुसरा आक्षेप माणसांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. कंपोज फक्त कॉटलिनमध्ये लिहिता येते. जावावर हात बसलेल्याला दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात. शिवाय इथला मुलगा वर्ष-दोन वर्षांत पुण्याला जाणार, मग त्याचे काम कोण पुढे नेणार? एक्सएमएल येणारा मिळेल, असे म्हणतात. मिळेलही. पण त्याला एक्सएमएलच्या फायलीत काय सापडेल? स्क्रीनचा सांगाडा. ‘जुना भाव’ कधी दिसतो हे ॲडॉप्टरमध्ये, चक्र कधी थांबते हे फ्रॅगमेंटमध्ये, आणि रंग कोण बदलतो हे शोधत बसायचे. दुसऱ्याचे काम हाती घेणाऱ्याला मांडणी समजायला वेळ लागत नाही, वागणूक समजायला लागतो. आणि कंपोजमध्ये ती मांडणीच्या शेजारीच लिहिलेली असते. म्हणून माणसे बदलत राहणार असतील, तर तो मला कंपोजच्याच बाजूचा पुरावा वाटतो.

काही जण मधला मार्ग सुचवतात: आत्ता एक्सएमएलने सुरुवात करू, पुढे `ComposeView` टाकत हळूहळू बदलू. जुन्या ॲपसाठी हाच शहाणपणाचा रस्ता आहे. नव्यासाठी मात्र तो स्वतःहून ओढवलेला दुहेरी खर्च ठरतो, कारण रंग आणि अक्षरांचे आकार एकदा `themes.xml` मध्ये आणि पुन्हा `MaterialTheme` मध्ये सांभाळावे लागतात. उलट बाजूने अडचण कमी आहे. कंपोजच्या ॲपमध्ये एखादा वेबव्ह्यू हवाच असेल तर `AndroidView` मध्ये तो बसवता येतो. मराठी मजकुरासाठीची `strings.xml` दोन्हीकडे तीच राहते. आणि ओळीची उंची ठोकून बसवली की उकार-वेलांट्या कापल्या जाणे, हेही दोन्हीकडे तसेच. तिथे कंपोज वाचवायला येत नाही.

एक्सएमएल निवडावे अशा जागा मला तीनच दिसतात. ॲप अँड्रॉइड 5 किंवा त्याहून जुन्या यंत्रांवर चालवायचे असेल, कारण कंपोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांना किमान अँड्रॉइड 6 लागते. ॲपचा गाभाच एखाद्या उत्पादकाने दिलेल्या व्ह्यूंवर उभा असेल, म्हणजे कंपोज नुसते वेष्टण उरणार असेल. किंवा सगळी मंडळी जावावालीच असून काम दोन महिन्यांत द्यायचे असेल. या तिसऱ्या जागी व्ह्यू बाइंडिंग वापरावे आणि चार अवस्था तरी एका `ViewModel` मध्ये एकत्र ठेवाव्यात, ॲडॉप्टर आणि फ्रॅगमेंटमध्ये विखरू नयेत. पुढे कॉटलिन जाणणारा कोणी आला, तर अवस्थांचे ते वर्ग तो थेट कॉटलिनमधून वापरू शकतो. त्याला फक्त स्क्रीन नव्याने लिहावी लागते.