कॉटनवर सब्लिमेशन? थांबा जरा!

गॅदरिंगसाठी कॉटनचे टी-शर्ट आणि त्यावर सब्लिमेशन प्रिंट असा बेत असेल, तर वर्गणी पाण्यात जाईल. ही शाई साधारण २०० अंशांना वायू होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुती धागा तिला धरून ठेवत नाही, त्यामुळे दोन-चार धुण्यांत चित्र फिकं पडतं. मगसुद्धा म्हणूनच कोटिंगवाला लागतो, घरातला साधा चालत नाही. पॉलिस्टर घ्या, तेही पांढरंच. पांढरी शाई यात नसतेच. छापताना ‘मिरर’ चालू ठेवा, नाहीतर कॉलेजचं नाव उलटं! कागदावर रंग मळकट दिसले तरी सेटिंगशी खेळू नका. प्रेसखाली मिनिटभरात ते खुलतात. आधी एकच टी-शर्ट छापून, धुऊन बघा.