सही माझी, पण पैसे मिळालेच नाहीत!

मुलीच्या लग्नाला तीन आठवडे उरले होते. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याकडे पन्नास हजार रुपये उसने मागितले. त्याने तिकीट लावलेली वचनचिठ्ठी पुढे केली. “बाई, एवढी सही करून ठेवा, रक्कम परवा घरी पोचती करतो.” बाईंनी सही केली. परवाचा दिवस उजाडला, मावळला. पैसे आले नाहीत. लग्न भावाच्या मदतीने पार पडले आणि चिठ्ठी परत मागायची राहून गेली. अडीच वर्षांनी कोर्टाचे समन्स आले. मुद्दल पन्नास हजार, वर व्याज!

उदाहरण कल्पित आहे, पण अशा बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “पैसे दिले असे तो म्हणतो, तर त्यानेच ते शाबित करावे. न घेतलेल्या पैशांचा पुरावा मी कुठून आणू?”

मूळ नियम बाईंच्याच बाजूचा आहे. जो एखादी गोष्ट घडली असे सांगून कोर्टाकडे हक्क मागतो, त्यानेच ती शाबित करायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०४ मध्ये हा नियम आहे. शाबितीचा भार कोणावर, हे ओळखण्याची सोपी कसोटी कलम १०५ देते : दोन्ही पक्षांनी काहीच पुरावा दिला नाही, तर कोण हरेल? जो हरेल, भार त्याच्यावर. व्यवहार तोंडी असता, तर गप्प बसून व्यापारीच हरला असता.

पण येथे वचनचिठ्ठी आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ च्या कलम ११८ प्रमाणे अशी चिठ्ठी मोबदला घेऊनच लिहून दिली, असे कोर्ट गृहीत धरते. म्हणून बाईंनी सही मान्य करताच पारडे फिरते. आता दोघेही गप्प बसले, तर बाई हरतील.

सही आपली नाहीच, असे कोणी म्हटले, तर मात्र ती सही आधी वादीला शाबित करावी लागते. त्यानंतरच हे गृहीतक उभे राहते. पण केवळ सुटकेसाठी खरी सही नाकारणे अंगाशी येते. सही शाबित झाली की पुढच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. “कोऱ्या कागदावर सही केली होती,” एवढेही पुरत नाही. तिकीट लावलेला कोरा कागद सही करून दिला, तर तो भरण्याचा अधिकार कायदा घेणाऱ्याला देतो.

मग बाईंनी करायचे काय? ‘पैसे मिळाले नाहीत’ हा नुसता नकार पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये भारत बॅरल कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले. मात्र संशयाला जागाच उरू नये इतका भक्कम पुरावाही लागत नाही. पैसे दिले गेले नसावेत हे अधिक संभवनीय आहे, एवढे दाखवले की पुरे. त्यासाठी वादीची उलटतपासणीही उपयोगी पडते.

समजा, व्यापाऱ्याने दाव्यात लिहिले की अमुक तारखेला दुपारी बाईंच्या घरी रोख रक्कम दिली. त्या दुपारी बाई शाळेत असल्याचे हजेरीपत्रक सांगते. उलटतपासणीत व्यापारी कबूल करतो की धंद्याच्या वह्या आहेत, पण कोर्टात आणलेल्या नाहीत. वह्या मुद्दाम दडवल्या, तर त्या वादीच्या विरुद्ध गेल्या असत्या असा निष्कर्ष कोर्ट काढू शकते आणि तेवढ्यानेही कलम ११८ चे गृहीतक ढळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितले आहे. आता पैसे प्रत्यक्ष दिल्याचे दाखवण्याची पाळी पुन्हा व्यापाऱ्यावर येते. ते जमले नाही, तर दावा टिकत नाही.

एक भेद मात्र विसरू नये. ‘पैसे मिळालेच नाहीत’ आणि ‘मिळाले होते, पण फेडले’ हे दोन वेगळे बचाव आहेत. फेडल्याचे म्हणणाऱ्यानेच फेड शाबित करायची असते. तेथे पावती किंवा बँकेचा उताराच कामाला येतो.

म्हणून समन्स येताच कैफियतीत हे सारे तारीखवार लिहावे. जी गोष्ट स्पष्टपणे नाकारली नाही, ती मान्य आहे असे कोर्ट धरू शकते. आणि साक्षीसाठी बाईंनी स्वतः पिंजऱ्यात उभे राहावे. ज्याला सत्य ठाऊक आहे तोच शपथेवर बोलायला आला नाही, तर त्याचे म्हणणे खरे नसावे, असे कोर्टाला वाटू शकते.